विश्लेषण : ‘कंपनी रजिस्टर्ड आहे’ म्हणजे नेमके काय? नेटवर्क मार्केटिंगमधला पैसा मालातून येतो की माणसांतून?

हॉटेलच्या सभागृहात किंवा झूम मीटिंगमध्ये ‘प्लॅन’ समजावून सांगितला जातो. त्यानंतर एखाद्याने शंका काढलीच, तर ठरलेले उत्तर मिळते. कंपनी सरकारमान्य आहे, रजिस्ट्रेशन आहे, जीएसटी आहे, पॅन आहे. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ असलेल्या प्रमाणपत्राचा फोटो येतो. हे प्रमाणपत्र बहुतेक वेळा खरेच असते. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते दाखवले जाते, त्याच्याशी त्याचा संबंध नसतो.

नोंदणीने काय सिद्ध होते?

तो कागद साधारणपणे कंपनी कायद्याखालील स्थापनेचा दाखला असतो. इतक्या तारखेला या नावाची कंपनी अस्तित्वात आली, एवढेच त्यातून कळते. तिचा धंदा कसा चालतो, सभासदांना पैसा कुठून मिळतो, हे निबंधक कार्यालयाने तपासलेले नसते. जीएसटी क्रमांक करभरण्यासाठी असतो आणि पॅन प्राप्तिकरासाठी. अन्न परवान्याचा संबंध खाद्यपदार्थाशी आहे, कमिशनच्या तक्त्याशी नाही.

थेट विक्रीसाठी वेगळे नियम आहेत. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम केंद्राने २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित केले. त्यानुसार अशी कंपनी, भागीदारी संस्था किंवा एलएलपी भारतात नोंदलेली हवी आणि तिचे भारतात किमान एक प्रत्यक्ष कार्यालय हवे. विक्रेत्यांशी तिने आधी लेखी करार करायला हवा आणि त्यांना ओळखपत्र द्यायला हवे. आपण नियम पाळतो आणि पिरॅमिड किंवा पैसे फिरवण्याच्या योजनेत नाही, असे स्वयंघोषणापत्रही तिने द्यायचे आहे. यातला ‘स्वयं’ हा शब्द महत्त्वाचा. कंपनीने स्वतःबद्दल केलेले ते विधान आहे, सरकारने दिलेला परवाना नव्हे. त्यामुळे कुणी ‘सरकारने आमचा प्लॅन मंजूर केलाय’ म्हणाले, की तिथेच सावध व्हावे.

मग नोंदणी तपासायचीच कशाला?

कारण ज्या कंपन्या ही पहिली पायरीही ओलांडू शकत नाहीत, त्या पाच मिनिटांत बाद होतात. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर Company Master Data या भागात कंपनीचे नाव किंवा सीआयएन क्रमांक टाकला की माहिती उघडते. सीआयएन २१ अक्षर-अंकांचा असतो आणि तो नुसता वाचूनही बरेच समजते. हा नमुना पाहा :

```
U46900MH2023PTC000000
```

सुरुवातीचे U म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी. पुढचे पाच अंक व्यवसायाचा संकेतांक, MH म्हणजे महाराष्ट्र, २०२३ हे स्थापनेचे वर्ष, PTC म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड आणि शेवटी नोंदणी क्रमांक. व्यासपीठावर ‘पंधरा वर्षांची परंपरा’ सांगितली जाते आणि सीआयएनमध्ये दोन वर्षांपूर्वीचे साल असते, असे झाले तर पुढचे बोलणे तिथेच थांबवता येते.

त्याच पानावर कंपनीची स्थिती, नोंदणीकृत पत्ता, भरणा झालेले भांडवल आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, हे दिसते. स्थिती Active नसून Strike Off असेल, तर प्रश्नच मिटला. ताळेबंद काही वर्षे सादरच झाला नसेल, तर कोट्यवधींच्या उलाढालीचा दावा कशाच्या आधारावर केला जातो, हे विचारावे. आणखी एक गोष्ट पाहावी. प्लॅनच्या पीडीएफवरचे नाव, करारावरचे नाव आणि पैसे ज्या खात्यात मागितले आहेत त्याचे नाव एकच आहे का? पैसे अपलाइनच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले जात असतील, तर मंत्रालयाकडे नोंदलेल्या कंपनीशी तुमचा व्यवहार झालाच नाही. पुढे पावतीही मिळत नाही आणि परतावा कोणाकडे मागायचा, हेही कळत नाही.

माल असला की योजना वैध ठरते का?

नाही. मल्टिलेव्हल योजनांबाबतचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. २०११ मध्ये गाजलेले स्पीक एशियाचे प्रकरण महाराष्ट्रात अनेकांना आठवत असेल. ती सिंगापूरमध्ये नोंदलेली कंपनी होती. ११ हजार रुपये भरून सभासद व्हायचे, ऑनलाइन सर्वेक्षणे भरायची आणि त्याचे पैसे मिळवायचे, शिवाय नवा सभासद आणल्यास वेगळी रक्कम. कागदोपत्री नोंदणीही होती आणि सभासदांना दाखवायला कामही होते. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला, बँक खाती गोठली आणि सभासदांचे पैसे अडकले.

१९७८ च्या प्राइझ चिट आणि पैसे फिरवण्याच्या योजना (बंदी) कायद्यात ‘पैसे फिरवण्याची योजना’ म्हणजे काय, हे सांगताना मालाला महत्त्व दिलेले नाही. सभासद नोंदवण्याच्या घटनेवर मोबदल्याचे आश्वासन अवलंबून आहे का, हे पाहिले जाते. उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. आपल्या साखळीतल्या विक्रेत्यांनी ग्राहकांना केलेल्या विक्रीवर कमिशन मिळणे, एवढ्यावरून योजना बेकायदा ठरत नाही. थेट विक्रीच्या नियमांनी विक्रेत्यांची साखळी मान्य केली आहे. कमिशनचा पैसा ग्राहकाच्या खिशातून निघतो की नव्या सभासदाच्या, यावर सगळे ठरते.

आकडे मांडून पाहिल्यावर काय दिसते?

एक काल्पनिक, पण नेहमीच्या धाटणीचा प्लॅन घेऊ. दहा हजार रुपयांचे किट घेतले की आयडी मिळतो. आपल्या खाली एक डावीकडे, एक उजवीकडे असे दोघे लावायचे. डावी-उजवी एक जोडी जुळली की हजार रुपये. बाजारात तशाच प्रकारचा माल अडीच हजारांना मिळतो. म्हणजे सभासदाने साडेसात हजार रुपये मालासाठी नव्हे, आयडीसाठी मोजले.

आता साखळी एकही जागा रिकामी न राहता, वरच्या एका माणसाखाली दहा ओळींपर्यंत भरली असे धरू. प्रत्यक्षात असे कधी होत नाही, पण प्लॅनवाल्यांना झुकते माप देऊ. एकूण सभासद २,०४७ होतात. शेवटच्या ओळीतच १,०२४ जण आहेत आणि त्यांच्याखाली कोणीच नसल्याने त्यांची कमाई शून्य. त्यांच्या वरच्या ओळीतल्या ५१२ जणांची एकेक जोडी जुळली, त्यांना हजार रुपये मिळाले. त्यावरच्या २५६ जणांना तीन हजार आणि त्यावरच्या १२८ जणांना सात हजार. आयडीचे साडेसात हजार अजूनही कोणाचे सुटलेले नाहीत. ते सुटतात त्याही वरच्या ओळीपासून आणि तिथपासून शिखरापर्यंत सगळे मिळून १२७ जण आहेत. उरलेले १,९२० तोट्यात.

सर्वांत वरच्या माणसाला मात्र १,०२३ जोड्यांचे दहा लाख २३ हजार रुपये मिळाले. मंचावर गाडीच्या किल्लीसह उभा केला जातो तो हाच. त्याची कमाई खोटी असेलच असे नाही. पण खाली २,०४६ जण आल्याशिवाय ती शक्य नव्हती, हे मंचावरून सांगितले जात नाही. ‘जे तोट्यात आहेत त्यांनी मेहनत केली नाही’ हे वाक्यही इथे लागू पडत नाही, कारण आपल्या उदाहरणात एकही जागा रिकामी नव्हती. शेवटच्या ओळीतल्यांना नफ्यात आणायचे, तर त्यांच्याखाली आणखी ओळी लागतात आणि तोट्यातली गर्दी त्या नव्या ओळींत सरकते.

प्लॅनच्या कागदात काय शोधायचे?

प्लॅनची पूर्ण पीडीएफ मागून घ्यावी आणि प्रत्येक उत्पन्नासमोर एकच प्रश्न लिहावा : आजपासून एकही नवा आयडी लागला नाही, तर ही रक्कम मिळेल का? पेअर मॅचिंग, डायरेक्ट रेफरल बोनस, स्पॉन्सर इन्कम यांचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. ‘रिटेल प्रॉफिट’चे उत्तर ‘हो’ असते. पण तो विक्रेत्याला खरोखर मिळतो का, हे पाहायला हवे. सध्याच्या सभासदाला विचारावे की गेल्या महिन्यात त्याने किती माल विकला आणि घेणाऱ्यांपैकी किती जणांचा आयडी नव्हता. ग्राहकाच्या नावाची बिले दाखवता आली, तर धंदा मालाचा आहे. सगळी बिले स्वतःच्या, पत्नीच्या आणि डाउनलाइनच्या नावाची निघाली, तर ग्राहक कोणी नाहीच.

इथे एक फसवी जागा आहे. ‘ॲक्टिव्ह’ राहण्यासाठी दरमहा ठरावीक बीव्ही किंवा पीव्हीची, म्हणजे पॉइंटची खरेदी करावी लागते. ही खरेदी कंपनी विक्री म्हणून दाखवते, त्यामुळे कमिशन मालावरच दिले जाते असे वाटते. सभासदाला तेल-साबणाची गरज असेल, तर तो ग्राहकच. कमिशन बुडू नये म्हणून कपाटात डबे साठत असतील, तर ती महिन्याची वर्गणी झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये हर्बालाइफशी केलेल्या तडजोडीत हाच मुद्दा पकडला होता. विक्रेत्यांना मिळणाऱ्या मोबदल्यापैकी किमान दोन तृतीयांश मोबदला पडताळता येणाऱ्या किरकोळ विक्रीवर आधारित असावा, अशी अट घातली गेली. भारतीय नियमांत असे प्रमाण आखलेले नाही, पण घरी बसून अंदाज घ्यायला ते उपयोगी आहे.

ज्यांना आणखी खोलात जायचे, त्यांना मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे ताळेबंद शुल्क भरून पाहता येतात. त्यात मालाच्या खरेदीचा खर्च आणि कमिशनचा खर्च शेजारी ठेवून बघावेत. माल किरकोळ आणि कमिशन डोंगराएवढे असेल, तर कंपनी काय विकते ते कळते. मालाऐवजी ‘दरमहा इतके टक्के’ देण्याचे आश्वासन असेल, तर ती थेट विक्री नव्हेच. तिथे ठेवीदारांच्या संरक्षणाचे कायदे लागू होऊ शकतात.

पैसे आधीच भरले असतील तर?

करारात कूलिंग-ऑफ म्हणजे विचार बदलण्याची मुदत आणि माल परत घेण्याची अट शोधावी, मालाची पाकिटे फोडू नयेत आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ कामकाजाच्या तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. फसवणुकीचा संशय असल्यास पोलिस ठाणे किंवा आर्थिक गुन्हे शाखा गाठावी. पावत्या, प्लॅनची पीडीएफ, मीटिंगच्या लिंक आणि गटातले संदेश आधी जपून ठेवावेत, कारण शंका विचारणाऱ्याला गटातून काढायला फार वेळ लागत नाही.

‘आणखी दोघे आण, तुझे पैसे सुटतील’ हा सल्ला या टप्प्यावर हमखास मिळतो. १९७८ चा कायदा योजना चालवणाऱ्यांपुरता नाही. अशा योजनेत इतरांना सभासद करून घेणे हाही त्याखाली गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ते दोघे बहुधा मेव्हणा आणि शेजारी असतात आणि त्यांनी दिलेल्या दहा हजारांची पावती कंपनीच्या नावाची असली, तरी पैसे मागायला ते कंपनीकडे नव्हे, आणणाऱ्याच्या दारात येतात.