हिरा इनबॉक्समध्ये येऊन पडलाय!

लिंक्डइनवर नोकरी शोधणाऱ्या एका तरुणाचं उदाहरण घेऊ. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो चार वर्षं क्वालिटी इंजिनिअर आहे. तळेगावच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाल्याचं त्याला दिसलं. त्या कंपनीसाठी माणसं निवडणाऱ्या मॅडम आधीपासून त्याच्या जोडणीत होत्या. रात्री अकराला त्याने त्यांना मेसेज टाकला:

‘हाय मॅडम! तुमच्या कंपनीला एका हिऱ्याची गरज आहे आणि तो हिरा नेमका तुमच्या इनबॉक्समध्ये येऊन पडलाय 😎 तुम्ही पगार वाढवा, मी कंपनी बदलतो! चहा माझ्याकडून, ऑफर लेटर तुमच्याकडून. बोला, कधी भेटायचं?’

मित्रांना हा मेसेज भन्नाट वाटला. मॅडमकडून मात्र चार दिवस उत्तर नाही.

मॅडम रागावल्या असतील, असं त्याला वाटलं. तसं असण्याची शक्यता कमीच. भरती करणाऱ्या माणसाच्या हातात एका वेळी अनेक जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी ठरावीक गोष्टी तपासायच्या असतात: किती वर्षांचा अनुभव, त्यातला या कामाशी जुळणारा किती, सध्या कुठे, नोटीस पिरियड किती. मेसेज वाचून त्या माणसाला पुढे विभागप्रमुखाला सांगता यायला हवं की ‘हा उमेदवार बघा, कारण...’ हिऱ्याच्या मेसेजमध्ये ते ‘कारण’च नाही. कोणत्या जागेबद्दल बोलणं चाललंय, हेसुद्धा त्यात नाही. इनबॉक्सच्या यादीत मेसेजचे पहिले काही शब्दच दिसतात आणि इथे ते सगळे हिऱ्यात खर्ची पडलेत.

मग त्याने दुसरा मसुदा केला आणि बहुतेकांचं होतं तेच त्याचं झालं. थट्टा सोडली की आपला हात थेट शाळेतल्या विनंती अर्जाकडे जातो. ‘आदरणीय मॅडम, मी एक मेहनती, प्रामाणिक व शिकण्याची तयारी असलेला उमेदवार असून, कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.’ सूर पार बदलला, पण माहिती पूर्वीइतकीच राहिली, म्हणजे शून्य. शिवाय पहिल्या मेसेजमध्ये निदान हिंमत होती, इथे तीही गेली. ती हिंमत वाया घालवू नये. मेसेज सुधारताना आधी विचारावं की आपण स्वतःला हिरा म्हणालो, ते कशाच्या जोरावर?

या तरुणाकडे त्याचं ठोस उत्तर होतं. गेल्या वर्षी एका मशीनिंग लाईनवर शंभरातले तीनहून अधिक भाग रिजेक्ट होत होते. दोष मशीनचा असावा, असं सगळे धरून चालले होते. त्याने रिजेक्ट झालेले भाग बॅचनुसार वेगळे केले, तेव्हा बहुतेक भाग दोनच पुरवठादारांच्या कास्टिंगचे निघाले. छिद्रं कास्टिंगमध्येच होती, मशीनिंग झाल्यावर ती फक्त उघडी पडत होती. त्या दोघांकडे जाऊन त्याने तपासणीची पद्धत बदलून घेतली. आठ महिन्यांत रिजेक्शन दीड टक्क्याच्या खाली आलं. सप्लायर क्वालिटीच्या जागेला हवा असतो तो नेमका असा अनुभव, आणि त्याच्या मेसेजमध्ये त्याचा मागमूस नव्हता.

एवढी गोष्ट मेसेजमध्ये मावणार नाही, मावायलाही नको. तिचा एका वाक्याचा अर्क पुरे. तो काढताना दोन पथ्यं पाळायची. कारखान्याचे आतले आकडे आणि ग्राहकाचं नाव बाहेर सांगायचं नसतं, म्हणून टक्केवारीऐवजी ‘निम्म्याहून खाली’ लिहायचं. आणि काम तिघांनी मिळून केलं असेल, तर ‘मी केलं’ असं लिहायचं नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न ‘यात तुमचा वाटा काय?’ हाच येतो. बॅचनुसार छाननी आणि पुरवठादारांशी बोलणं हा त्याचा वाटा होता, तेवढाच लिहायचा.

पगाराचा विषय त्याने पहिल्या मेसेजमधून काढून टाकला. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण योग्यता कळण्याआधी मांडलेली किंमत घासाघीस वाटते. समोरून विचारणा झाली की सध्याचा आणि अपेक्षित पगार आढेवेढे न घेता सांगावा. नोटीस पिरियड मात्र पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलेला बरा, कारण कित्येकदा निवड त्यावरच अडते.

शेवटच्या ओळीकडेही लक्ष द्यायला हवं. ‘बोला, कधी भेटायचं?’ याला उत्तर द्यायचं तर मॅडमना आधी हा कोण ते शोधायचं, मग वेळ काढायची. त्याऐवजी एका शब्दात उत्तर देता येईल असं काही विचारावं.

आणखी एक अडचण होती. लिंक्डइनवर पाठवलेला मेसेज साठ मिनिटांच्या आत बदलता किंवा काढून टाकता येतो. इथे तर चार दिवस उलटले होते. म्हणजे नवा मेसेज जुन्याच्या खालीच दिसणार होता. त्यावर लांबलचक माफी मागितली असती, तर नव्या मेसेजची सगळी जागा तिनेच खाल्ली असती. अर्ध्या वाक्यात मोकळं होणं बरं. त्याने पाठवलेला मेसेज असा:

‘नमस्कार मॅडम. सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेबद्दल लिहितोय. मागचा मेसेज गमतीत लिहिला होता, नीट ओळख अशी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात चार वर्षं क्वालिटीत आहे. गेल्या वर्षी आमच्या टीमने एका मशीनिंग लाईनचं रिजेक्शन निम्म्याहून खाली आणलं. त्यात दोष कास्टिंगमध्ये असल्याचं शोधणं आणि दोन पुरवठादारांकडून सुधारणा करून घेणं माझ्याकडे होतं. नोटीस पिरियड 60 दिवस. जागा अजून खुली असेल तर रेझ्युमे पाठवू का?’

जागेचं नाव पहिल्याच ओळीत आलं. ‘मेहनती’ हा शब्द नाही, तरी मेहनत दिसते. ‘कृपया विचार व्हावा’ नाही, तरी सूर सभ्य आहे. आत्मविश्वास पहिल्या मेसेजपेक्षा जास्तच आहे, कारण आता त्याला आधार आहे.

समोरची व्यक्ती जोडणीत नसेल, तर मात्र याहून आखडतं घ्यावं लागतं. मोफत खात्यावरून जोडणीच्या विनंतीसोबत जेमतेम 200 अक्षरांची चिठ्ठी जाते, आणि काना, मात्रा, वेलांटीही त्यात मोजल्या जातात. तिथे जागेचं नाव, अनुभवाची वर्षं आणि कास्टिंगचं एक वाक्य एवढंच बसतं. नोटीस पिरियड आणि रेझ्युमे विनंती स्वीकारल्यानंतर.

थट्टा कुठेच चालत नाही असंही नाही. जाहिरात संस्थेत कॉपीरायटरच्या जागेसाठी लिहिलेला चुरचुरीत मेसेज हाच कामाचा नमुना ठरू शकतो, कारण तिथे शब्द हेच कसब असतं. क्वालिटी विभागात कसब तपासणीत दिसतं.

चांगल्या मेसेजलाही उत्तर येईलच असं नाही. जागा आतल्याच माणसाला दिली गेलेली असते, किंवा सहा वर्षांच्या अनुभवाची अट असते. आठवड्याने एकदा आठवण करावी, तीही शक्यतो काही नवं सांगण्यासारखं असेल तर, आणि मग थांबावं. रोज ‘मॅडम, काही अपडेट?’ लिहिणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, पण नको त्या कारणाने.

मेसेज पाठवण्याआधी त्याने आणखी एक काम केलं. मेसेज आवडला की मॅडम पहिल्यांदा उघडणार त्याचं प्रोफाईल, आणि तिथे नावाखाली लिहिलं होतं, ‘स्वप्नं पाहणारा, झपाटलेला, आकाशाला गवसणी घालणारा’. ते पुसून त्याने लिहिलं: ‘क्वालिटी इंजिनिअर, मशीनिंग आणि कास्टिंग, चाकण’.