बाहेरच्या ड्राइव्हवरचा गेम का अडखळतो?

लॅपटॉपच्या आत 512 जीबीची जागा, त्यातली बरीचशी विंडोज, फोटो आणि कामाच्या फायलींनी आधीच व्यापलेली. त्यात ‘सायबरपंक 2077’सारखा एकच गेम 70 जीबी मागतो. मग घरात पडलेली यूएसबी हार्ड डिस्क आठवते, गेम तिच्यावर टाकला जातो, तो चालूही होतो. पण लोडिंगचा पडदा हटता हटत नाही, आणि गाडी भरधाव सोडली की चित्र मधेच गोठतं. बहुतेकजण या दोन्ही गोष्टींसाठी ‘यूएसबी स्लो आहे’ असं म्हणून मोकळे होतात. खरं तर हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

आधी लोडिंग पाहू. खोक्यावर छापलेला वेग मेगाबिट किंवा गिगाबिटमध्ये असतो, फायली मात्र बाइटमध्ये मोजतात, म्हणून त्या आकड्याला आठने भागायचं. यूएसबी 2.0चे 480 मेगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला 60 मेगाबाइट. देवाणघेवाणीतला खर्च वजा जाता हाती 35 ते 40 उरतात. यूएसबी 3.0ची कागदावरची क्षमता 5 गिगाबिट आहे. चांगली एसएसडी जोडली तर त्यातून 400च्या पुढे मेगाबाइट मिळतात. साधी पोर्टेबल हार्ड डिस्क मात्र त्याच पोर्टवर 120च्या आसपास थांबते, कारण तिथे तिची फिरती तबकडीच कमी पडते.

समजा, गेम सुरू होताना 4 जीबी माहिती वाचतो. यूएसबी 2.0वर त्याला जवळपास दोन मिनिटं लागतील. यूएसबी 3.0वरच्या हार्ड डिस्कला, सगळी माहिती सलग मांडलेली असेल तर, अर्धा मिनिट पुरेल. त्याच पोर्टवरच्या एसएसडीला दहा सेकंद. आता पोर्ट आणि एसएसडी दोन्ही 10 गिगाबिटची घेतली तर हिशेब चार सेकंदांवर येतो, पण प्रत्यक्षात एवढा फरक क्वचितच दिसतो. गेममधली माहिती दाबून भरलेली असते, ती उलगडण्याचं काम प्रोसेसरचं असतं आणि या टप्प्यावर वाट पाहायला लावणारा तोच असतो.

अडखळण्याची गोष्ट वेगळी आहे. मोठ्या खुल्या नगरीतला गेम संपूर्ण शहर मेमरीत ठेवू शकत नाही. तुम्ही पुढे जाल तसतसे समोरचे रस्ते, भिंतींचे पोत, माणसं, आवाज तो डिस्कवरून उचलत राहतो आणि मागचं टाकून देतो. इथे सलग 4 जीबी नको असतात. इथून थोडं, तिथून थोडं असे असंख्य लहान तुकडे हवे असतात. त्यामुळे सेकंदाला किती मेगाबाइट यापेक्षा प्रत्येक मागणीला उत्तर यायला किती वेळ लागतो, हे महत्त्वाचं ठरतं.

पोर्टेबल हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते. एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद लागतात, म्हणून हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच. त्याआधी ते डोकं योग्य वर्तुळावर न्यायला साधारण 12. म्हणजे एका तुकड्यासाठी सतराएक मिलिसेकंद. सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या गेमला एका चित्रासाठी मिळतो तेवढाच हा वेळ. चौकात वळताना विखुरलेले वीस तुकडे लागले तर 340 मिलिसेकंद, म्हणजे वीस चित्रांचा वेळ गेला. गेम ही मागणी पडद्यामागे आणि थोडी आधी करून ठेवतो, म्हणून प्रत्येक वळणावर झटका बसत नाही. पण गाडीचा वेग वाढला की ती आगाऊ तयारी अपुरी पडते. मग भिंती धूसर दिसतात, रस्त्यावरची माणसं उशिरा उगवतात किंवा सगळं क्षणभर थांबतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे हेच उत्तर मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात येतं.

गेम बनवणाऱ्यांनीही या डोक्याच्या धावपळीशी बरीच झुंज दिली आहे. प्लेस्टेशन 5ची रचना 2020 साली समजावून सांगताना मार्क सर्नी यांनी ‘स्पायडर-मॅन’चं उदाहरण दिलं होतं. टपालपेटीसारख्या नेहमी दिसणाऱ्या वस्तूंची माहिती डिस्कवर 400 वेळा लिहून ठेवावी लागे, म्हणजे शहराचा कुठलाही भाग वाचताना ती शेजारीच सापडे. एसएसडी गृहीत धरली की ही उधळण टळते. ‘सायबरपंक’ 2020 साली आला तेव्हा हार्ड डिस्कवर चालत असे; 2023 मध्ये त्याच्या किमान गरजांमध्येच एसएसडी आली. अशा नव्या गेमला हार्ड डिस्क देणं म्हणजे त्याच्या जुळणीतच नसलेला सुटा भाग बसवणं होय.

एसएसडी लावूनही यूएसबीची एक खोड आड येऊ शकते. ड्राइव्हशी बोलण्याची जुनी पद्धत वाचनालयातल्या एकाच चिठ्ठीवर चालणाऱ्या शिपायासारखी आहे: पहिलं पुस्तक आणून दिल्याशिवाय तो दुसरी चिठ्ठी हातात घेत नाही. नव्या पद्धतीत, जिला यूएएसपी म्हणतात, अनेक मागण्या एकदम देता येतात. एसएसडीची खोकी विकत घेताना तिच्यावर हे नाव आहे का, एवढं पाहावं. जोडल्यावर विंडोजच्या `Device Manager`मध्ये `USB Attached SCSI (UAS) Mass Storage Device` अशी ओळ दिसली तर नवी पद्धत चालू आहे.

आपल्या ड्राइव्हचं दुखणं कुठे आहे, हे ओळखणं अवघड नाही. `CrystalDiskMark` या मोफत चाचणीत सलग वाचनाचा आकडा 40च्या आसपास अडकला, तर ड्राइव्ह कितीही चांगला असो, जोडणी यूएसबी 2.0ची झाली आहे. यात बहुतेकदा केबल दोषी असते. मोबाइल चार्जिंगच्या टाइप-सी केबलींमध्ये पुष्कळदा 2.0पुरत्याच तारा असतात. याच चाचणीत शेवटची `RND4K` ओळ लहान तुकड्यांची असते. तिथे हार्ड डिस्कला सहसा एक मेगाबाइटही गाठता येत नाही, एसएसडी मात्र वीस-तीसच्या घरात जाते. गेम अडखळतो त्याच वेळी `Task Manager`मध्ये त्या डिस्कचा `Active time` 100 टक्क्यांवर चिकटलेला दिसला, तर कारण साठवणीतच आहे. तो शांत असेल तर ड्राइव्हला दोष देऊ नये. ग्राफिक्सची तयारी, कमी मेमरी किंवा तापलेला लॅपटॉप तपासावा.

एक फसवी गोष्टही सांगायला हवी. यूएसबी 3.0च्या तारेतून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने 2012 सालीच दाखवून दिलं आहे. वायरलेस माउसचा रिसीव्हर ड्राइव्हला खेटून असेल तर माउस उड्या मारतो आणि आपल्याला वाटतं गेमच अडकला. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावून पाहावा.

माझं मत विचाराल तर जुने आणि छोट्या पटांचे गेम हार्ड डिस्कवर खुशाल ठेवा. खुल्या नगरीतला, सध्या खेळत असलेला गेम आतल्या एसएसडीवर असू द्या. स्टीममध्ये असा गेम एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय आहे. 70 जीबीला यूएसबी 3.0च्या एसएसडीवरून तीनेक मिनिटं लागतात, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही. आत जागाच नसेल तर यूएएसपीच्या खोक्यातली साधी साटा एसएसडी पुरेशी आहे. 20 गिगाबिटच्या महागड्या खोक्यावर गेमसाठी पैसे घालू नका. बऱ्याच लॅपटॉपना तो वेग देणारं पोर्टच नसतं आणि तिथे ती 10 गिगाबिटवरच चालते.