पालखी, खूण आणि चार वह्या

संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावाच्या शिमग्याच्या माझ्याकडे चार वह्या आहेत. १९९९ची पहिली, २०२४ची शेवटची, मधल्या दोन २००८ आणि २०२१च्या. गेल्या महिन्यात चारही सलग वाचून काढल्या. पहिल्या वहीत एक नोंद आहे : ‘दोघे जण पालखी घेऊन शेतात आले. बराच वेळ इकडेतिकडे फिरले. बांधाजवळ थांबले. पालखीचा दांडा जमिनीला टेकला. तिथे खणल्यावर नारळ निघाला.’ यातला एकही शब्द खोटा नाही. पण त्या दुपारी तिथे काय घडलं, ते यातून कळत नाही.

जे घडलं त्याला गावात ‘खूण काढणं’ म्हणतात. पालखी ज्यांच्या खांद्यावर असते त्यांना पत्ता लागू न देता कुणीतरी आदल्या रात्री शेतात नारळ पुरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी रूपं लावलेली पालखी शेतात आणतात. ढोल वाजू लागतो, पालखी झुलते, एका दिशेला ओढ घेते, परत फिरते, गिरकी घेते आणि एका जागी दांडा खाली वाकतो. मग तिथे खणतात. ओल्या मातीसकट नारळ वर येतो आणि अख्खं शेत ओरडतं. पालखीखालच्या एकाला मी विचारलं, तुम्ही दिशा कशी ठरवता? त्याला प्रश्नच कळला नाही. ‘आम्ही कुठं नेतो? ती नेते तिकडं आम्ही जातो.’

तेव्हा मी मानववंशशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि क्लिफर्ड गीर्ट्झ नुकताच हाती लागला होता. १९७३च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात गीर्ट्झने गिल्बर्ट राइल या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाचं एक उदाहरण घेतलं आहे. दोन मुलांचा उजवा डोळा मिटतो. एकाचा आपोआप लवतो, दुसरा मित्राला डोळा मारतो. तिसरा मुलगा त्या दुसऱ्याची नक्कल करतो. आणि नक्कल नीट जमावी म्हणून घरी आरशासमोर तिचा सरावही करतो. कॅमेऱ्याला चारही वेळा एकच दिसेल : पापणी मिटली. या चारांतला फरक सांगणारं ते सघन वर्णन. नुसती पापणी सांगणारं ते विरळ.

हे वाचल्यावर मला शेताच्या कडेची पोरं आठवली. मोठ्यांची खूण निघण्याआधीच त्यांनी बांबूच्या काठीला टोपली बांधून आपली पालखी केली होती. एकाने नारळाची करवंटी पुरली, दोघं टोपली खांद्यावर घेऊन झुलू लागले. त्यातला एक मुद्दाम भलत्याच दिशेला गेला, तेव्हा दुसरा चिडून म्हणाला, ‘तू न्हेऊ नको, तिला न्हेऊ दे.’ खेळात, टोपलीबद्दलही, त्याला हा फरक पाळायचा होता. नेणं आणि नेऊ देणं यांतला हा फरक गावात सात-आठ वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतो आणि माझ्या नोंदीत नेमका तोच नव्हता. सघन वर्णन म्हणजे जास्त तपशील, असा माझा समज होता. म्हणून मी ढोल मोजले होते, दांड्याची लांबी लिहिली होती, सहाणेचे दगडसुद्धा मोजले होते. पानं भरली, वर्णन विरळच राहिलं.

तरी त्या वहीवरून मी निबंध लिहिला आणि तो बराही झाला. गीर्ट्झने १९६६मध्ये धर्माची जी व्याख्या केली, तिच्याभोवती तो गुंफला होता. माझ्या शब्दांत ती अशी : धर्म ही प्रतीकांची एक व्यवस्था आहे. ती माणसांच्या मनात खोलवर टिकणारे भाव आणि प्रेरणा रुजवते. त्यासाठी ती जग मुळात कसं आहे याची एक कल्पना मांडते, आणि त्या कल्पनेला वास्तवाचं असं तेज चढवते की ते भावच सगळ्यांत खरे वाटू लागतात. प्रतीक हे जगाचं चित्र असतं आणि जगण्याचा आराखडाही असतो, हे त्याचं म्हणणं मला अजूनही मोलाचं वाटतं.

खुणेच्या नारळात हे अगदी डोळ्यांसमोर घडतं. जे पुरलेलं आहे ते देवीला दिसतं, हे झालं चित्र. म्हणून बांध सरकवू नये, शपथ खोटी घेऊ नये, हा झाला आराखडा. आणि वास्तवाचं तेज नारळाला चिकटलेल्या ओल्या मातीत असतं. त्या संध्याकाळी एका बाईने मला तो नारळ हातात घ्यायला लावला. जड होता, थंड होता, शेंडीत माती अडकली होती. ‘आता सांगा,’ एवढंच ती म्हणाली. पटवून देण्यासाठी तिला दुसऱ्या कशाची गरज नव्हती.

त्या निबंधाचं शेवटचं वाक्य होतं, ‘पालखी म्हणजे गावाची एकता.’ आज ते खोडावंसं वाटतं.

२००८च्या शिमग्याला मी गेलो तेव्हा पालखी निघालीच नाही. देवळाच्या दाराला कुलूप, बाहेर दोन पोलीस. होळी उभी करायला आणलेलं झाड रस्त्याच्या कडेला तसंच पडलं होतं. भांडण मानाचं होतं. जुन्या रीतीने पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा, कोणाच्या अंगणात ती आधी जायची, ओटी कोणाची आधी, हे घराण्यांवरून ठरलेलं होतं. पण देवळाचा नवा मंडप आणि चांदीची नवी रूपं मुंबईच्या मंडळाने वर्गणीतून केली होती. मंडळाचं पावतीपुस्तक होतं आणि त्यात घराण्यांची उतरंड नव्हती, आकडे होते. ज्यांचा आकडा मोठा, त्यांच्यातल्या काहींचा खांद्याच्या क्रमात नंबरच नव्हता. त्यांनी हक्क मागितला. मग देवीला कौल लावायचं ठरलं. गुरवाने मूर्तीच्या दगडाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पण ‘कौल विचारायचा कोणी’ यावरच बैठक मोडली.

या घटनेची वही मी कितीतरी वर्षं बाजूला ठेवली होती. माझ्या निबंधात ती बसत नव्हती. पुढे गीर्ट्झचाच एक आधीचा, १९५७चा लेख वाचला आणि मग ती बसली. जावा बेटावरच्या एका लहानशा शहरात दहाएक वर्षांचा मुलगा वारला. तिथे अंत्यविधी करणाऱ्या अधिकाऱ्याला मोदिन म्हणतात. मुलगा ज्या काकाकडे राहत होता, तो विरोधी राजकीय-धार्मिक गटाचा. मोदिनने विधी करायला नकार दिला. प्रेत घरात, माणसं अंगणात घोळक्याघोळक्याने बसलेली, आणि पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही. गीर्ट्झचं म्हणणं असं की लोकांची श्रद्धा आटलेली नव्हती. विधीची भाषा मात्र शेजाराने बांधलेल्या खेड्याची होती आणि माणसं आता पक्ष आणि पंथ यांनी बांधलेली होती. दोघांचा सांधा निखळला होता.

आमच्या गावातही असंच झालं होतं. पालखीचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखाच होता. म्हणून तर भांडण एवढं पेटलं. ज्या वस्तूला अर्थ उरलेला नसतो, तिच्या पहिल्या खांद्यासाठी कोणी कोर्टात जात नाही. घराण्याचा क्रम आणि पावतीपुस्तकाचा क्रम हे दोन्ही एका दांड्यावर ठेवता येत नव्हते, एवढंच.

त्याच वर्षी मी बौद्धवाडीत पहिल्यांदा गेलो. १९९९मध्ये गेलो नव्हतो, कारण पालखी तिकडे जात नव्हती आणि मी पालखीच्या मागे होतो. एका वयस्क गृहस्थांनी चहा दिला आणि सांगितलं की त्यांच्या आजोबांकडे शिमग्यात ढोलाचं काम होतं, १९५६नंतर घराने ते सोडलं. ‘गाव म्हणतो तो आमचा मान होता. आजोबा म्हणायचे, ती वेठ होती.’ ढोल एकच. तालुकाभर ऐकलेले ‘मानकरी’ आणि ‘मान’ हे शब्द मी सतत गावाच्याच बाजूने लिहीत आलो होतो.

तलाल असदने १९८३मध्ये गीर्ट्झवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. प्रतीकांच्या अंगी आपोआप ताकद नसते. कोणत्या सत्तेने, कोणत्या शिस्तीने त्यांना खरेपण मिळालं, कोणता अर्थ मान्य आणि कोणता बाद, हे कोणी ठरवलं, ते विचारलं पाहिजे. हा आक्षेप मला पटतो. पण त्यासाठी गीर्ट्झ टाकून द्यावा लागतो असं मला वाटत नाही. मान आणि वेठ हा फरक डोळा लवणं आणि मारणं यांच्याच जातीचा आहे. तो टिपायला आधी त्या अंगणात जाऊन बसावं लागतं. इरावती कर्व्यांनी पंढरीच्या वाटेवर हे केलं होतं. एकाच दिंडीत चालणारी माणसं जातीजातीने वेगळी जेवतात, हे त्यांना खुपलं आणि भक्तीच्या वर्णनातच त्यांनी ते लिहिलं. मला ते सुचायला नऊ वर्षं लागली.

२०२१ची वही छोटी आहे. करोनामुळे पालखी घरोघर न्यायची नव्हती, दर्शन देवळातच. अंगणं सारवलेली, रांगोळ्या घातलेल्या, ओटीचं ताट तयार, आणि येणारं कोणी नाही. एका घरातल्या सासूबाईंनी ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि देवळाच्या दिशेने गाऱ्हाणं घातलं. ते संपल्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणी नव्हतं, तेव्हा सुनेने दारातून ते म्हटलं.

२०२४मध्ये खूण निघाली नाही. तीन वेळा दांडा टेकला, तीन वेळा खणलं, नुसती माती. पहिली वही लिहिणाऱ्याने ‘प्रयत्न अयशस्वी’ असं लिहून वही मिटली असती. आता मला कळतं की अर्थ सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतो तो असं काही बिघडल्यावरच. मी शेतभर फिरत राहिलो. गुरव म्हणाला, खूण घालणाऱ्याच्या भावकीत सुतक आहे, त्याने सांगितलं नाही. एक म्हातारे म्हणाले, पुढच्या खांद्याने पाळणूक पाळलेली नाही. पालखीखालचा पोरगा घामाघूम होऊन म्हणाला, ‘आज मी नेत होतो, म्हणून.’ मुंबईहून आलेल्या एकाचा संशय वेगळाच होता : वाद अजून मिटलेला नाही, कोणीतरी रात्रीतून नारळ हलवला. देवीला दिसलं नाही, असं त्या चौघांपैकी एकही जण म्हणाला नाही.

बांधापलीकडे बौद्धवाडीतल्या दोन कॉलेजच्या मुली उभ्या राहून बघत होत्या. त्यांनाही विचारलं. एक हसली. दुसरी म्हणाली, ‘आमच्या आज्याला विचारा, तो सांगेल कुठं पुरायचे ते.’ मी वही मिटली नाही. तिच्याबरोबर त्यांच्या घराकडे निघालो. मागे शेतात गुरवाने देवीला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली होती.