रिव्हेटचा जोड आधी कुठे तुटतो?

मँचेस्टरचा इंजिनिअर विल्यम फेअरबर्न बॉयलर आणि लोखंडी जहाजे बांधत असे. १८३८ च्या सुमारास त्याने रिव्हेटचे जोड मुद्दाम ओढून तोडून पाहायला सुरुवात केली. त्यातून निघालेले आकडे पुढे बॉयलर बांधणाऱ्या पिढ्यांच्या तोंडी बसले. अखंड प्लेटची ताकद १०० धरली, तर रिव्हेटच्या दोन ओळींच्या जोडाची ताकद ७० आणि एका ओळीच्या जोडाची फक्त ५६. म्हणजे एका ओळीच्या जोडात प्लेटची निम्म्याच्या जवळपास ताकद वाया जाते. ती कुठे जाते, हे साध्या गुणाकार-भागाकाराने शोधता येते.

एका प्लेटची कड दुसऱ्या प्लेटवर चढवायची, दोन्हींतून भोके पाडायची आणि त्यांत रिव्हेट मारायचे, म्हणजे लॅप जोड तयार होतो. बॉयलरसाठी रिव्हेट लालबुंद तापवून भोकात घालतात आणि त्याचे दुसरे टोक ठोकून डोके बनवतात. ठोकताना दांडा फुगतो आणि भोक पूर्ण भरून टाकतो, म्हणून हिशेबात भोकाचाच व्यास धरायचा. थंड होताना रिव्हेट आखडतो आणि दोन्ही प्लेट्स घट्ट आवळतो. त्या आवळण्यामुळे घर्षणही बराच भार पेलते, पण प्रत्येक रिव्हेट सारखाच आवळला गेला असेल याची खात्री कोण देणार? म्हणून ते घर्षण हिशेबात धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता एक जोड हातात घेऊ. प्लेट १० मिलिमीटर जाड, भोक २० मिलिमीटरचे, आणि एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, म्हणजे पिच, ५० मिलिमीटर. बॉयलरच्या साध्या पोलादासाठी दर चौरस मिलिमीटरला ताणात ८० न्यूटन, कातरात ६० आणि चुरडण्यात १२० न्यूटन इतका भार सुरक्षित मानू. संपूर्ण जोड तपासायची गरज नाही. एका पिचएवढी, ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी पुरते, कारण पुढे तीच पट्टी पुन्हा पुन्हा येत राहते.

पहिला धोका प्लेट फाटण्याचा. टपालाचे तिकीट जसे छिद्रांच्या रेषेवर फाटते, तशी प्लेट भोकांच्या ओळीत फाटते, कारण तिथे सर्वांत कमी लोखंड उरलेले असते. ५० मधून २० गेले, ३० मिलिमीटर उरले. ३० गुणिले १० गुणिले ८०, म्हणजे २४,००० न्यूटन.

दुसरा धोका रिव्हेट कातरला जाण्याचा. एक प्लेट डावीकडे ओढते, दुसरी उजवीकडे, आणि दोन्हींच्या मधल्या पातळीत रिव्हेटचा दांडा कापला जातो. असा तुटलेला रिव्हेट हातात घेतला तर काप जवळपास सपाट दिसतो आणि प्लेट्स मात्र शाबूत असतात. २० मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मिलिमीटर. त्याला ६० ने गुणले की सुमारे १८,८५० न्यूटन येतात.

तिसरा धोका चुरडण्याचा. रिव्हेट भोकाच्या एकाच बाजूवर रेटला जातो. तिथले लोखंड दबते, गोल भोक लांबट होते, जोड ढिला पडतो आणि बॉयलर गळू लागतो. काहीच तुटून पडत नाही, म्हणून हा बिघाड किरकोळ वाटू शकतो. प्रत्यक्षात जोड तेव्हाच निकामी झालेला असतो. इथे क्षेत्रफळ म्हणून भोकाचा व्यास गुणिले प्लेटची जाडी घेतात. २० गुणिले १० गुणिले १२०, म्हणजे पुन्हा २४,००० न्यूटन. पातळ प्लेटला जाडजूड रिव्हेट मारला की हाच धोका पुढे येतो. आपण धरलेल्या आकड्यांनुसार भोकाचा व्यास जाडीच्या अडीच पटींहून थोडा जास्त झाला, की रिव्हेट कातरण्याआधी भोक चुरडते.

भोक कडेच्या फार जवळ असेल तर कडही फाटते. पण भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या दीडपट अंतर ठेवले की ही काळजी मिटते, म्हणून तिचा वेगळा हिशेब सहसा करत नाहीत.

तिन्ही आकड्यांपैकी सर्वांत लहान तीच जोडाची खरी ताकद, इथे १८,८५०. भोक नसलेली ५० मिलिमीटरची पट्टी ५० गुणिले १० गुणिले ८०, म्हणजे ४०,००० न्यूटन पेलली असती. पहिल्याला दुसऱ्याने भागले की जोडाची कार्यक्षमता मिळते: सुमारे ४७ टक्के. फेअरबर्नच्या ५६ पेक्षा ही बरीच कमी आहे, आणि दोष आपल्या पिचचा आहे. रिव्हेट १८,८५० ला तुटणार असताना प्लेट २४,००० ची ठेवली, ती जादा ताकद कामाला येतच नाही. पिच ४४ वर आणली तर फाटण्याची ताकद १९,२०० होते, रिव्हेटची तेवढीच राहते, आणि कार्यक्षमता साडेत्रेपन्न टक्क्यांवर जाते. चांगला जोड तोच, ज्यात प्लेट आणि रिव्हेट जवळपास एकाच वेळी हार मानतात.

मग दुसरी ओळ काय करते? आता एका पिचमध्ये दोन रिव्हेट आहेत, तेव्हा कातरण्याची ताकद ३७,७०० झाली. रिव्हेट दुप्पट झाले म्हणून भोके एकमेकांपासून दूर सरकवता येतात. पिच ६७ ठेवली तर एका ओळीत फाटण्याची ताकद ३७,६०० येते आणि अखंड पट्टीची ५३,६००. भागाकार सत्तर टक्के! आपले सुरक्षित भार आणि फेअरबर्नचे तुटेपर्यंत ओढलेले नमुने या वेगळ्या गोष्टी, पण हिशेब त्याच्या आकड्यांच्या इतका जवळ येतो याचा मला मनापासून आनंद होतो.

हा टक्का थेट बॉयलरच्या दाबात उतरतो. १२०० मिलिमीटर व्यासाच्या आणि याच प्लेटच्या नळकांड्याचा उभा, म्हणजे लांबीच्या दिशेचा जोड घेऊ. गोलाईच्या जोडापेक्षा त्याच्यावर दुप्पट ताण येतो. एका ओळीत तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वासात किलो दाब पेलेल, दोन ओळींत सुमारे साडेनऊ. प्लेट तीच, वाढले ते फक्त रिव्हेट.

एक गोष्ट मात्र या तीन गुणाकारांत कुठेच येत नाही. लॅप जोडात दोन प्लेट्स एका रेषेत नसतात. आपल्या उदाहरणात त्यांच्या मध्यरेषा १० मिलिमीटरने सरकलेल्या आहेत. त्यामुळे नळकांडे जोडापाशी पूर्ण गोल राहत नाही. दाब चढला की ते गोल व्हायला बघते आणि जोडाजवळची प्लेट वाकते, दाब उतरला की परत येते. वर्षानुवर्षे असे वाकून रिव्हेटच्या ओळीलगत बारीक भेग पडते, आणि ती बहुधा दोन प्लेट्स एकमेकींवर टेकतात त्या झाकलेल्या बाजूला. बाहेरून किंवा आतून कितीही निरखले तरी ती दिसत नाही.

२० मार्च १९०५ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी ग्रोव्हर बूट कारखान्याचा जुना बॉयलर अशाच दडलेल्या भेगेमुळे फुटला आणि ५८ माणसे गेली. दोन वर्षांत त्या राज्याने बॉयलरसाठी नियम केले. १९१४ च्या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर संस्थेच्या संहितेने ३६ इंचांहून मोठ्या व्यासाच्या बॉयलरच्या उभ्या जोडासाठी लॅप जोडाला मनाई केली. तिथे प्लेट्सच्या कडा समोरासमोर आणून आत-बाहेर पट्ट्या ठेवायच्या आणि रिव्हेट मारायचे, म्हणजे ओढ एका रेषेत येते. शिवाय आतली आणि बाहेरची अशा दोन्ही पट्ट्यांतून जाणारा प्रत्येक रिव्हेट दोन ठिकाणी कापावा लागतो, म्हणून त्याची कातरण्याची ताकदही जवळपास दुप्पट धरता येते.