वॉक-इन कूलर ११ अंशांवर? आधी कॉइल बघा

हॉटेलच्या वॉक-इनचं सेटिंग ३ अंश, पण सकाळी डिस्प्लेवर ११. कॉम्प्रेसर चालू, पंखेही फिरतायत, तरी वारा जेमतेम. अशा वेळी थेट गॅस भरायला सांगू नका. आतल्या कॉइलवर सगळीकडे सारखा बर्फ साचलाय का ते आधी बघा. तसा असेल तर बहुधा डीफ्रॉस्ट बंद पडलाय, किंवा फाटलेल्या गॅस्केटमधून दमट हवा आत शिरतेय. पावसाळ्यात हे फार होतं. बर्फ कॉइलच्या एकाच टोकाला असेल तर मात्र गॅस कमी असल्याची शंका घ्या.

बर्फ सुरीने कधीही खरवडू नका, नळीला भोक पडतं. कूलिंग बंद करून पंखे चालू ठेवा आणि तो पूर्ण वितळू द्या. डीफ्रॉस्टचा टायमर, हीटर टेक्निशियनकडून तपासून घ्या, नाहीतर बर्फ परत येणार.

आता माल. डिस्प्ले हवेचं तापमान दाखवतो, म्हणून प्रोब थर्मामीटर पदार्थातच घाला. समजा रात्री ११ची नोंद ४ अंश आहे आणि सकाळी ७ला पनीर ९ अंशांवर. मधल्या आठ तासांत ते ५च्या वर किती वेळ होतं, सांगता येत नाही. ते चार तासांपेक्षा कमीच होतं याची खात्री नसेल तर पनीर, दूध, चिकन, शिजवलेली ग्रेव्ही टाकून द्या. उकळून भागत नाही, कारण काही जिवाणूंचं विष उकळूनही टिकतं. अख्ख्या भाज्या, लोणची ठेवा. वासावरून मात्र काहीही ठरवू नका.