हर्षद संख्यांचा शोध : एकशे आठ आणि तिची भावंडे

आमच्या वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मी फळ्यावर १०८ हा आकडा लिहिला आणि विचारले, यात विशेष काय? एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, माळेचे मणी." मी म्हटले, माळ बाजूला ठेवू आणि नुसता आकडा पाहू. १, ० आणि ८ यांची बेरीज नऊ. आता १०८ ला नऊने भागा. भाग बारा वेळा जातो, बाकी शून्य. म्हणजे या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो.

अशा संख्यांना 'हर्षद' हे नाव देणारे गणिती आपल्याच महाराष्ट्रातले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. त्यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. विद्यापीठात प्राध्यापक नव्हते, पदव्युत्तर शिक्षणही झालेले नव्हते. शाळा सांभाळून ते आकड्यांशी खेळत राहिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. परदेशात याच संख्यांना आयव्हन निव्हेन या गणितज्ञाच्या नावाने निव्हेन संख्या असेही म्हणतात.

पुढे वर्गात माझीच चूक झाली. १०८, ११७, १२६ असे नऊच्या पाढ्यातले आकडे जमत गेले, तेव्हा मी बोलून गेलो की नऊने भाग जाणारी प्रत्येक संख्या हर्षद असते. मागच्या रांगेतली सातवीतली मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, नव्व्याण्णव?" ९ आणि ९ यांची बेरीज अठरा. ९९ ला अठराने भाग जात नाही. मला फळा पुसावा लागला. बाकीच्या मुलांनी अठराचे पुन्हा १ अधिक ८ करून नऊ काढले होते, म्हणून त्यांचे ९९ जमत होते. ही चूक फार जण करतात. अंकांची बेरीज एकदाच करायची. ती दोन अंकी आली तर तशीच ठेवायची आणि तिनेच भागायचे.

मग एकेका आकड्याला भागत बसण्याऐवजी हर्षद संख्या हुडकण्याचा काही मार्ग आहे का? आहे. तो मला कारकुनी सवयीतूनच सापडला.

समजा १०८ रुपये नऊ जणांत सारखे वाटता येतात. त्यातून आधी नऊ रुपये काढून घेतले, तरी उरलेले ९९ रुपये सारखेच वाटता येतील. प्रत्येकाला एक रुपया कमी मिळेल, एवढेच. म्हणून संख्येतून तिच्या अंकांची बेरीज वजा करायची आणि जी शिल्लक राहील तिला त्या बेरजेने भाग जातो का, ते पाहायचे. शिल्लकेला गेला तर मूळ संख्येलाही जातो.

यात फायदा काय? ११० पासून ११९ पर्यंतचे दहा आकडे घ्या. ११० च्या अंकांची बेरीज २, शिल्लक १०८. १११ ची बेरीज ३, शिल्लक पुन्हा १०८. ११२ ची बेरीज ४, शिल्लक तीच. आकडा एकाने वाढतो तशी बेरीजही एकाने वाढते, म्हणून पूर्ण दहाच्या गटाला एकच शिल्लक पुरते. गटातल्या बेरजा २ ते ११ आहेत. त्यांपैकी १०८ ला कोणाकोणाने भाग जातो? २, ३, ४, ६ आणि ९ ने. झाले! या बेरजांचे आकडे म्हणजे ११०, १११, ११२, ११४ आणि ११७. दहा भागाकारांऐवजी एकच वजाबाकी, आणि पुढचे सगळे पाढ्यांवर. गंमत म्हणजे ज्या १०८ पासून आपण निघालो, तोच येथे शिल्लक म्हणून उपयोगी पडला.

खुद्द १०८ ज्या गटात आहे त्याची शिल्लक ९९. बेरजा १ ते १०. भाग जातो फक्त १, ३ आणि ९ ने. म्हणून तेथे १००, १०२ आणि १०८ या तीनच हर्षद संख्या.

ही शिल्लक नेहमी नऊच्या पाढ्यातलीच असते. शंभर म्हणजे ९९ आणि १, दहा म्हणजे ९ आणि १. अंकांची बेरीज काढून घेतली की हे सुटे एक निघून जातात आणि नुसते नवांचे ढीग उरतात. म्हणूनच गटातल्या बेरजांमध्ये ९ असेल तर तेथे निदान एक तरी हर्षद संख्या हमखास सापडते. १६० च्या गटात शिल्लक १५३, तेथे एकटी १६२ मिळते. १७० मध्ये एकटी १७१, १८० मध्ये एकटी १८०. आणि ९९ का नापास झाली? ९० च्या गटाची शिल्लक ८१. तिला नऊने भाग जातो म्हणून ९० पास. अठराने जात नाही म्हणून ९९ नापास.

गटागटाने पुढे जाताना शिल्लक नऊनऊने वाढते : ९९, १०८, ११७, १२६. पण शंभरी ओलांडताना सावध राहा. १९० ची शिल्लक १८०, आणि २०० ची एकदम १९८. तेथे नऊ मिळवून पुढे गेलात तर पुढची सगळी वही चुकेल. प्रत्येक नव्या शंभराला वजाबाकी नव्याने करावी. माझ्या वहीत १०० ते १९९ मध्ये २६ हर्षद संख्या आल्या. तुमच्या कमी-जास्त आल्या तर कोठे तरी पाढा घसरला आहे.

आता सालांकडे वळू. २०२० ते २०२९ या गटाची शिल्लक २०१६, बेरजा ४ ते १३. २०१६ ला ४, ६, ७, ८, ९ आणि १२ ने भाग जातो. म्हणजे २०२०, मग २०२२, २०२३, २०२४, २०२५ ही चार ओळीने, आणि नंतर २०२८. चार लागोपाठ साले हर्षद! मुलांनी मग १९५० घेतले. बेरीज १५, भाग १३० वेळा गेला. १९५६ मात्र जमत नाही. बेरीज २१, बाकी तीन उरते. एका मुलाचा चेहरा उतरला. मी सांगितले, अरे, भागाकार इतिहासाला विचारून होत नाही, आणि इतिहासही भागाकाराला विचारत नाही.

अशा ओळीने येणाऱ्या हर्षद संख्या हा मोठ्या गणितज्ञांचाही विषय झाला. १ ते १० सोडले तर चार सलग संख्या पहिल्यांदा ५१० पासून मिळतात. पाच सलग हव्या असतील तर १,३१,०५२ पर्यंत जावे लागते. त्या गटाची शिल्लक १,३१,०४०. तिला १२, १३, १४, १५ आणि १६ या पाचही आकड्यांनी भाग जातो. १९९३ साली कूपर आणि केनेडी या दोघांनी सिद्ध केले की वीसपेक्षा जास्त हर्षद संख्या ओळीने कधीच येऊ शकत नाहीत. वीस मात्र येतात, पण त्या संख्या इतक्या अवाढव्य की वहीत लिहिणेच अशक्य.

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते ६१७४ या आकड्यामुळे. त्याची कथा वेगळी आहे. पण वर्ग सुटता सुटता त्याच मुलीने ६१७४ च्या अंकांची बेरीज केली : अठरा. ६१७४ भागिले १८, उत्तर ३४३, बाकी शून्य. ३४३ म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात, हेही तिनेच सांगितले.