मृत्युपत्रातला वारस आधी गेला तर?

समजा, एका काकांनी मृत्युपत्रात पुण्यातला फ्लॅट पुतण्याच्या नावे लिहिला. पण पुतण्याच आधी गेला आणि काकांनी कागद तसाच ठेवला. काकांच्या पश्चात पुतण्याची बायको-मुलं फ्लॅट मागतात. त्यांना तो मिळत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 105 नुसार अशी देणगी रद्द होते. ‘उरलेलं सगळं अमक्याला’ असं कलम मृत्युपत्रात असेल, तर फ्लॅट त्या माणसाकडे. नसेल तर काकांच्या कायदेशीर वारसांकडे.

पुतण्याऐवजी मुलगा असता तर? कलम 109 मुलं-नातवंडांना सवलत देतं. मुलगा आधी गेला, पण त्याचं मूल आजोबांच्या मृत्यूच्या वेळी हयात असेल, तर देणगी टिकते. गंमत अशी, की ती थेट नातवाला मिळत नाही. मुलगा वडिलांनंतर लगेच वारला असं धरलं जातं. त्यामुळे मुलाने स्वतःच्या मृत्युपत्रात सगळं बायकोला दिलं असेल, तर फ्लॅट सुनेचा होतो.

पुतण्या, भाची किंवा मित्राला काही देत असाल, तर ‘तो हयात नसल्यास त्याच्या मुलांना’ एवढी ओळ जरूर घाला.